अनुभव धागा: तुमचं होकायंत्र कधी, कशाजवळ चुकलं?

भूगोलवाली
गेल्या हिवाळ्यात नववीची मुलं घेऊन एका गडावर गेले होते. बुरुजावर एक मोठी जुनी तोफ आहे. मुलांनी होकायंत्र तिच्या पाठीवरच ठेवलं आणि समोरच्या देवळाची दिशा वाचली, ६४ अंश. मग दोघं देवळापाशी गेली आणि तिथून तोफेची दिशा घेतली, २५९ अंश. उलटी दिशा बरोबर १८० अंशांनी वेगळी हवी, म्हणजे २४४ यायला हवी होती. आता दोघांपैकी कोण चुकलं, यावर वाद सुरू झाला. मी मुलांना तोफेपासून वीसेक पावलं देवळाच्याच रेषेत चालायला लावलं. तिथून देवळाची दिशा ७८ आली, म्हणजे देवळाजवळचं वाचन बरोबर आणि तोफेवरचं तब्बल १५ अंशांनी चुकलेलं. त्या दिवसापासून मी कुठेही एकाच ठिकाणचं वाचन खरं मानत नाही, उलट दिशा घेतेच.

तुमचे अनुभव लिहा. कशाजवळ चुकलं, किती चुकलं आणि कळलं कसं, हे तिन्ही लिहिलंत तर सगळ्यांनाच उपयोग होईल.

हर्णैचा
आमची बोट फायबरची, त्यामुळे होक्याला धोका नाही असंच वाटायचं. पोरानं केबिनमध्ये गाण्यांसाठी मोठा स्पीकर बसवला, नेमका होक्याच्या पाठीमागे, वीतभर अंतरावर. रात्री बंदराकडे येताना नेहमीचा अंश धरला आणि दीपगृहाचा दिवा दिसला तो भलत्याच बाजूला. गंमत अशी की जाताना फरक जाणवला नव्हता, येतानाच जाणवला. स्पीकर काढला, दुसऱ्या दिवशी सगळं ठीक. पण जाताना का नाही चुकला, ते मला आजही नीट उमगलेलं नाही.

रानवाटा
साधं आहे दादा, लोखंड सुईला आपल्याकडे ओढतं. जिकडे लोखंड, तिकडे सुई. येताना स्पीकर दुसऱ्या बाजूला आला असणार.

डेकवरून
रानवाटा, निम्मं बरोबर आहे. पण स्पीकर बोटीबरोबरच वळतो, होक्याच्या मागेच राहतो. बदलते ती पृथ्वीच्या उत्तरेच्या मानाने त्याची जागा. आणि सुई नेहमी ओढलीच जाते असंही नाही, कधी लोटलीही जाते. सुई हा स्वतः चुंबक आहे. तिला पृथ्वीचं क्षेत्र आणि जवळच्या वस्तूचं क्षेत्र या दोन्हींची बेरीज जाणवते आणि ती त्या बेरजेच्या दिशेला उभी राहते. स्पीकरच्या चुंबकाचा जोर नेमका उत्तर-दक्षिण रेषेत आला, तर सुई हलतच नाही, फक्त तिची पकड कमी-जास्त होते. तोच जोर पूर्व-पश्चिम आडवा आला की सुई सर्वांत जास्त वळते. काकांची जातानाची वाट बहुतेक पहिल्या प्रकारात बसली असणार. म्हणून एका दिशेला बरोबर दाखवणारा होका सगळीकडे बरोबर असतो, असं धरू नका.

माझा अनुभव पोलादी जहाजावरचा. आमचं जहाज दुरुस्तीसाठी काही महिने गोदीत होतं, नाक पश्चिमेला. पत्रे बदलले, भरपूर ठोकाठोक आणि वेल्डिंग झालं. बाहेर पडून मुंबईहून उत्तरेला निघालो. मे महिना होता. सूर्य मावळताना त्याची दिशा तक्त्यावरून २८६ अंश यायला हवी होती, चुंबकी कंपासवर ती २९३ दिसली. त्या समुद्रात खरी उत्तर आणि चुंबकी उत्तर यांच्यातला फरक जवळजवळ शून्य आहे, त्यामुळे ७ अंशांची चूक सगळी जहाजाची. गोदीत जाण्यापूर्वी प्रत्येक दिशेची चूक लिहिलेल्या कार्डावर या दिशेला एक अंशही चूक नव्हती.

जहाज सावकाश गोल फिरवून प्रत्येक दिशेला चूक लिहिली. नाक उत्तरेला असताना ७ पश्चिम, दक्षिणेला असताना साधारण तितकीच पण पूर्व. नाक पूर्वेला किंवा पश्चिमेला असताना जवळजवळ काहीच नाही. अर्ध्या फेरीनंतर चूक उलटली, म्हणजे जहाजात आडवं कायमचं चुंबकत्व बसलं होतं. नाक पश्चिमेला असताना जहाजाची उजवी बाजू उत्तरेला होती. महिनोन्‌महिने हातोडे बसताना पृथ्वीच्या क्षेत्रानं त्या बाजूला उत्तर ध्रुव तयार केला, आणि तो सुईच्या उत्तर टोकाला डावीकडे लोटत होता. कंपासखालच्या पेटीत आडवे चुंबक घालून चूक काढली. समुद्रात हेलकावे खाऊन असं चुंबकत्व हळूहळू उतरतं, म्हणून दोनेक महिन्यांनी पुन्हा तपासावं लागलं.

आणि हो, हेच लोखंड नॉर्वेच्या उत्तरेला जास्त त्रास देतं. तिथे पृथ्वीचं क्षेत्र जवळजवळ सरळ खाली जातं, सुईला आडवं धरून ठेवायला जोर कमी उरतो. आपल्याकडे तो आडवा जोर चांगला भक्कम आहे.

नवं घर
मी थोडं वेगळं विचारते. नवीन फ्लॅटचं दार उत्तरेला आहे का, हे बघायचं होतं. फोनवर दाराशी ३५० दिसलं, हॉलमध्ये मधोमध १२, खांबाशेजारी ३१. वास्तू बघायला आलेल्यांनी चौथाच आकडा सांगितला. यातला कुठला धरू?

डेकवरून
ताई, वास्तूचं मला काही कळत नाही, पण आकड्यांचं सांगू शकतो. फोनमध्ये सुई नसते, क्षेत्र मोजणारी चिप असते, पण फसते तशीच. खांबात सळया, दाराला सुरक्षा जाळी, शेजारी स्टीलचं कपाट. घराच्या आत कुठलाच आकडा धरू नका. उपग्रह नकाशावर इमारतीची कड बघा आणि तिची दिशा मोजा. आणि फोनच्या कव्हरला चुंबकी झडप असेल तर ती आधी काढा.

नवं घर
झडप आहे! काढून परत मोजते.

अलिबागकर
चुंबकी उपकरणांना असा त्रास होतो, म्हणूनच आमच्या गावात अख्खी वेधशाळा आली. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून चुंबकी नोंदी होत होत्या. विजेवरच्या ट्राम येणार हे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहामुळे उपकरणं बिघडतील म्हणून १९०४ साली अलिबागला नवी जागा सुरू झाली आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे बरोबरीनं नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्याला जोडता यावी. इथलं बांधकाम लोखंड टाळून पोरबंदरी दगडात केलं.

दगडधोंडे
भूगोलवाली, गडावर तोफ नसतानाही चुकतं. आपला काळा बसाल्ट चुंबकी आहे, आणि माथ्यावर वीज पडलेल्या खडकाशेजारी दोन पावलांत वीसेक अंशांचा फरक मी स्वतः बघितलाय.

रानवाटा
वीज पडली होती हे कसं ठरवलंत? सगळाच बसाल्ट तसा असेल तर पायथ्याला का नाही होत?

दगडधोंडे
पायथ्याला मातीचा थर असतो, आणि साध्या बसाल्टचा परिणाम बराच कमी असतो. पण त्या खडकावर वीज पडताना मी पाहिली नाही, हे खरं. नमुना प्रयोगशाळेत न्यायला हवा होता.

भूगोलवाली
काल मुलांबरोबर एक साधी गोष्ट केली. मैदानावरच्या व्हॉलीबॉलच्या लोखंडी खांबाला होकायंत्र पूर्वेकडून जवळ नेलं, आधी बुंध्याशी, मग शिडी लावून टोकाशी. बुंध्याशी सुईचं उत्तर टोक खांबापासून दूर गेलं, वर खांबाकडे वळलं. उभ्या लोखंडात पृथ्वीच्या क्षेत्रामुळे खाली उत्तर आणि वर दक्षिण ध्रुव तयार होतो, असा माझा समज. दुसरा खांब आणि गेटचा खांबही तसेच वागले. पण झोपाळ्याचा जुना खांब बरोबर उलटा निघाला. डेकवरून, तो आधी कुठेतरी उलटा रोवलेला असेल का?

डेकवरून
असू शकतं, किंवा वेल्डिंगमुळेही होऊ शकतं. खांबाच्या मध्यावर आणि पश्चिमेकडूनही वाचन घ्या, मग बघू.