मदत हवी आहे: पाच आठवडे जपान, घर, सिम, बँक, सगळंच

घाईतला_पुणेकर
कंपनी जपानला पाठवतेय, पाच आठवडे. विमान पुढच्या सोमवारी. एचआर म्हणतेय राहायचं तुमचं तुम्ही बघा, बिलं लावा, पैसे नंतर मिळतील. घर कुठे शोधू? सिम इथून घेऊ की तिथे? पगाराचं नाही, पण खर्चासाठी तिथे बँक खातं उघडावं लागेल का? आणि शिष्टाचार फार पाळतात म्हणे, त्यात नेमकं काय? लवकर सांगा, जुने धागे उकरायला वेळ नाही.

विनूदा
जपान म्हणजे कुठे? टोकियो, ओसाका, नागोया? व्हिसा कोणता? खर्चाला मर्यादा किती? निम्म्या प्रश्नांची उत्तरं यावर अडलीयत.

राइनकाठी
मी फ्रँकफर्टला होतो तेव्हा आधी नगरपालिकेत पत्ता नोंदवला, मग खातं उघडलं. आधी ती नोंदणी करून टाका, बाकी आपोआप होतं.

विनूदा
अहो, ते जर्मनी झालं. हे जपान आहे.

घाईतला_पुणेकर
टोकियोच, अजून कुठे! ऑफिस शिनागावाला. व्हिसा शॉर्ट टर्म, बिझनेस.

ओवी_टोकियो
मग खात्याचा विषय इथेच संपतो. शॉर्ट टर्मवर तुम्हाला रहिवासी कार्ड मिळत नाही, वॉर्डात पत्ता नोंदवता येत नाही आणि बँक तुम्हाला अनिवासी धरते. काउंटरवर हसून, वाकून परत पाठवतील.

सह्याद्री७७
असं काही नाही. मी पोस्टाच्या बँकेत पहिल्याच आठवड्यात खातं उघडलं. पासपोर्ट आणि नावाचा शिक्का, बस. उगाच लोकांना घाबरवू नका.

ओवी_टोकियो
तुमचा व्हिसा किती वर्षांचा होता?

सह्याद्री७७
तीन. पण म्हणून काय?

ओवी_टोकियो
म्हणूनच तर. वर्क व्हिसावर विमानतळावरच कार्ड हातात पडतं, त्यावर पुढचं सगळं चालतं. यांना ते मिळणारच नाही.

पुणेकर, खात्याची गरजही नाही. सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएमवर भारतीय बँकेचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड कार्ड चालतं, इंग्रजी पर्याय असतो. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशातला वापर चालू करा, एटीएम आणि दुकान दोन्हींसाठी. 2020 च्या नियमामुळे नवीन कार्डावर तो बंदच येतो, आणि लोकांना हे नारिता विमानतळावर रात्री अकराला कळतं. मशीनने रक्कम रुपयांत दाखवून ‘मान्य?’ विचारलं तर नाही म्हणा, येनमध्येच घ्या, नाहीतर दर त्यांचा लागतो. वर तुमच्या बँकेचा मार्कअप, साधारण साडेतीन टक्क्यांपर्यंत, आणि त्यावर जीएसटी. पैसे काढण्याचं शुल्क दर वेळी वेगळं लागतं, म्हणून थोडे थोडे चार वेळा काढण्यापेक्षा एकदाच काढा. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं ठेवा, एक पाकिटात, एक बॅगेत.

कोकणचा_बाब्या
फॉरेक्स कार्ड घ्या ना राव, सरळ काम. मार्कअप नाही, काही नाही.

ओवी_टोकियो
येन भरलेले असतील तर ठीक. डॉलर भरून गेलात तर येन होताना पुन्हा कापतात. आणि लहान जेवणाच्या ठिकाणी तिकीट मशीन असतं, जुनं असेल तर फक्त नोटा आणि नाणी घेतं. रोख हवीच.

विनूदा
सिमबद्दल कोणीच बोलत नाहीये. पुणेकर, फोनवर *#06# दाबा. EID नावाचा लांब आकडा दिसला तर ई-सिम चालेल, ते इथूनच घ्या. डेटा पुरेसा.

सह्याद्री७७
जपानी नंबर नको का? क्लायंट फोन कसा करणार? मी पहिल्याच दिवशी दुकानातून घेतला होता.

ओवी_टोकियो
तोही रहिवासी कार्डावर. पर्यटकांना विमानतळावर मिळतात ती बहुतेक फक्त डेटाची. क्लायंटशी बोलणं मेल आणि टीम्सवर होईल, पोरं लाइन नावाच्या चॅट ॲपवर येतील. लाइनचं खातं भारतीय नंबरवर इथेच उघडून जा, कारण पडताळणीचा एसएमएस लागतो.

खरी अडचण ओटीपीची. भारतीय सिम काढून खणात ठेवलं की ओटीपी मागणारा कार्डाचा एकही व्यवहार पुढे सरकत नाही. दुसऱ्या स्लॉटमध्ये ते राहू द्या, आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या, त्या सिमचा डेटा मात्र बंद. येणारा एसएमएस सहसा फुकट असतो, तरी कंपनीला एकदा विचारा. आलेला फोन उचललात तर पैसे लागतात हे लक्षात ठेवा, आईला व्हॉट्सॲपवरच करायला सांगा.

घाईतला_पुणेकर
धन्यवाद ताई. EID दिसतोय. घर?? हॉटेल पाच आठवडे म्हणजे एचआर मला विकेल.

कोकणचा_बाब्या
निशिकासाईला जा! आपली माणसं, किराणा, डोसा, सगळं. पुण्याचे योगेंद्र पुराणिक तिथल्या एदोगावा वॉर्डातून 2019 ला निवडूनही आलेत.

ओवी_टोकियो
माणसं आहेत, खरं. पण सकाळची तोझाई लाइन कधी बघितलीय का? दारात उभं राहून आत ढकलून घ्यावं लागतं. शिनागावाला जायला वर निहोम्बाशीला बदल. पाच आठवड्यांसाठी ओमोरी किंवा कामाता बघा, तिथून केइहिन-तोहोकू लाइन सरळ शिनागावाला जाते.

प्रकार म्हणाल तर ‘मंथली मॅन्शन’ शोधा. फर्निचर, भांडी, इंटरनेट असलेली एक खोली. भाड्यावर जाऊ नका, सगळं जोडून बघा. समजा जाहिरातीत दिवसाला 4,500 येन. 35 दिवसांचे 1,57,500. वीज-पाणी दिवसाला 900, म्हणजे 31,500. जाताना सफाईचे एकरकमी 30,000. एकूण 2,19,000, म्हणजे दिवसाला 6,250 च्या वर. मग हॉटेलशी तुलना करा. सफाईची रक्कम एकदाच लागते, म्हणून दोन आठवड्यांसाठी हे महाग पडतं आणि पाचला परवडतं. हमीदार मागतात का, पैसे परदेशी कार्डाने घेतात का, हे आधी विचारा. काही ठिकाणी फक्त जपानी बँकेतून पैसे चालतात, तिथे तुमची गाडी अडेल. आणि पावती कंपनीच्या नावावर मागा, नाहीतर बिल लागणार नाही.

विनूदा
कचऱ्याचं सांगा. भारतीयांबद्दल तक्रारी तिथूनच सुरू होतात.

ओवी_टोकियो
खोलीच्या मालकाकडून तक्ता मिळतो. जळणारा, प्लास्टिक, बाटल्या-डबे, प्रत्येकाचा वार ठरलेला. चुकीच्या वारी ठेवलेल्या पिशवीवर स्टिकर लावून ती तिथेच सोडतात, सगळ्या बिल्डिंगला दिसते.

ऑफिसात व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्या-घ्या. घेतलेलं वाचा, मीटिंगभर टेबलावर समोर ठेवा, खिशात कोंबू नका, त्यावर काही लिहू नका. आगगाडीत फोनवर बोलू नका. बूट काढायची वेळ येते, तेव्हा मोजे धड असू द्या. खाऊ न्यायचा तर एकेक वेष्टनातला न्या, म्हणजे टेबलांवर वाटता येतो. उघड्या डब्यातला चिवडा कोणी हात घालून घेणार नाही.

राइनकाठी
फ्रँकफर्टला मी चिवडा नेला होता, संपला की हो.

सह्याद्री७७
सुईका कार्ड घ्या, प्रवासाला. विमानतळावर लाल रंगाचं मिळतं.

ओवी_टोकियो
ते लाल 28 दिवसांचं असतं, यांना 35 दिवस राहायचंय. उरलेले पैसेही परत मिळत नाहीत. स्टेशनावरचं साधं हिरवं घ्या, 500 येन अनामत असते ती परत मिळते.

विनूदा
एक मात्र राहिलं. बिझनेस व्हिसावर क्लायंटच्या ऑफिसात बसून कोड लिहिणं बसतं का? मीटिंग, प्रशिक्षण वेगळं. हे कंपनीकडून लेखी घ्या.

घाईतला_पुणेकर
मॅनेजर म्हणतो ‘मीटिंगच समज’. लेखी मागतो.

ओमोरीला एक खोली बघितली, कार्ड चालतं म्हणे. शेवटचं: कुकर नेऊ का? तिथे खाण्यात माशाचं पाणी असतं म्हणे सगळ्यात.

ओवी_टोकियो
दाशी. हो, साध्या दिसणाऱ्या मिसो सूपमध्येही असते, त्यामुळे ‘मांस नाही’ एवढं विचारून भागत नाही. कुकर न्या, पण शेगडी इंडक्शनची आहे का हे खोलीच्या मालकाला विचारा. असली तर ॲल्युमिनियमचा तापणारच नाही. बुडाला चुंबक चिकटला तरच बॅगेत टाका. विजेचा राइस कुकर मात्र इथेच ठेवा, तिथे 100 व्होल्ट आहेत.

कोकणचा_बाब्या
आणि मसाला?