शब्दचर्चा : जर्मनीतल्या आमच्या हॉटेलाला नाव काय द्यावं — खानावळ, ओसरी की पंगत?

सोलापूरची_लेक

आम्ही स्टुटगार्टच्या फॉयरबाख भागात अडतीस खुर्च्यांचं बंद पडलेलं इटालियन हॉटेल घेतलं आहे. मी, नवरा आणि सासूबाई असे तिघं ते चालवणार. शेजारी बॉशचा कारखाना आहे, त्यामुळे दुपारी जेवायला येणारे बहुतेक जर्मन असतील आणि शनिवार-रविवारी आपली मंडळी. सासूबाईंना ‘खानावळ’ हवं आहे, नवऱ्याला ‘पंगत’ आणि मला ‘ओसरी’. खाली ‘फॅमिली रेस्टॉरंट’ असं लिहायचं ठरलं आहे. या शब्दांच्या छटा काय आहेत आणि तिथल्या माणसाच्या तोंडी त्यांचं काय होईल, ते सांगाल का?

रंकाळा_वेस

खानावळच ठेवा. पण आमच्याकडे खानावळ म्हटलं की तांबडा-पांढरा आणि मटणाचं ताट. तुम्ही मटण करणार असाल तरच हे नाव शोभेल. पाणी जड असेल तर पांढऱ्या रश्श्याची चव बदलते, तेवढं आधी करून बघा.

सोलापूरची_लेक

दादा, मटण असेल, पण दुपारी मुख्य ताट शाकाहारी असेल. भाकरी, शेंगाचटणी, आमटी, एक भाजी.

कसबा_पेठ

मग पुण्याच्या माणसाची गल्लत होईल. आमच्यासाठी खानावळ म्हणजे महिन्याचे पैसे भरून विद्यार्थी जेवतात ती. मूळ शब्द फारसी आहे. कारखाना, दवाखाना यांतला ‘खाना’, म्हणजे घर. खाण्याचं घर ती खानावळ.

जुनी_पाटी

हे अर्धं बरोबर आहे. कारखान्यातला ‘खाना’ फारसीच, पण खानावळीत तो नाही. हा शब्द ‘खाणे’वरून आला आणि जुनं रूप ‘खाणावळ’ असं, ‘ण’ घेऊन. शेवटचा ‘आवळ’ बघा : दळणावळ, धुणावळ, शिवणावळ. कामाचा मोबदला दाखवणारा हा प्रत्यय आहे. म्हणजे खाणावळ आधी जेवणाचे पैसे आणि मग ते देऊन जिथे जेवायचं ती जागा. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना बायका घरी रांधून वाढायच्या, तीही खानावळच. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी. तेव्हा सासूबाई म्हणतात त्या शब्दात कष्टाचा मान आहे, तो हलका नाही. पण जर्मन पाटीवर तो चालणार नाही असं मला वाटतं. मी कार्ल्सरूहेला अकरा वर्षं भाषा शिकवते, म्हणून सांगते.

तिथे अनोळखी शब्द लोक आपल्या सवयीने वाचतात. दोन स्वरांमधला एकटा ‘एस’ त्यांच्या तोंडी झ होतो. मसाल्याला कितीतरी जण ‘मझाला’ म्हणतात. तुमची ‘ओसरी’ त्यांच्यासाठी ‘ओझारी’ होणार. दोन ‘एस’ लिहिलेत तर स टिकेल, पण मग मराठी माणूस नकाशावर Osari असं टाइप करील आणि तुम्ही सापडणार नाही.

‘जे’चा य होतो. ‘आजी’ हे नाव मनात आलं असेल तर Aaji लिहिल्यावर ‘आयी’ ऐकू येईल. आजीची आई झाली, असं.

बर्लिनकर

आणि व्हीचा नेहमी फ होतो! म्हणून व्ही असलेलं कुठलंच नाव घेऊ नका. Vada लिहिलं तर ‘फाडा’ होईल, आणि ‘फाड’ म्हणजे बेचव. हॉटेलाला याहून वाईट नाव नाही.

जुनी_पाटी

नेहमी नाही. वाझं म्हणजे फुलदाणी, वनिलं म्हणजे व्हॅनिला, अशा बाहेरून आलेल्या शब्दांत व्हीचा वच राहतो. पण Vada पहिल्यांदा पाहणारा माणूस व म्हणेल की फ, हे आधी सांगता येत नाही. तुमच्या स्वाबियन मुलुखात प्रत्येक खाणावळीच्या फळ्यावर ‘फेस्पर’ लिहिलेलं असतं, ते व्हीनेच. दोन जेवणांच्या मधलं थंड खाणं, पूर्वी शेतावर न्यायचे ते. आपली शिदोरीच. त्या माणसाचा डोळा व्हीला फ म्हणायला तिथेच सरावला आहे. आपल्या ‘व’साठी डब्ल्यू लिहा, मग उच्चार बिनचूक येतो.

एडिसनची_सुगरण

शिदोरीवरून माझं सांगते. न्यू जर्सीत मी डब्यांना ‘शिदोरी’ नाव दिलं होतं. मराठी घरांमधून लगेच ऑर्डरी आल्या. अमेरिकन शेजारी मात्र फोनवर विचारायचे, सुशी कितीला देता? त्यांना तो जपानी शब्द वाटायचा. वर्षभराने डब्यावर ‘मुंबईची घरगुती थाळी’ असं चिकटवलं तेव्हा ते थांबलं. नाव बदललं नाही, खालची ओळ बदलली.

जुनी_पाटी

ताईंनी सांगितलं ते फार मोलाचं आहे. वरचं नाव आपलं असू द्यावं, खालची ओळ त्यांची असावी. त्या ओळीत नुसतं ‘इंडिशं क्युखं’, म्हणजे भारतीय जेवण, एवढंच लिहिलंत तर गिऱ्हाईक बटर चिकन, नान आणि मँगो लस्सी डोक्यात घेऊन आत येईल. तुमच्याकडे भाकरी बघून त्याला फसल्यासारखं वाटेल. ‘मुंबईच्या घरचं जेवण’ अशा अर्थाची ओळ लिहा. मुंबई आणि स्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत, त्यामुळे तिथल्या लोकांना मुंबई अगदीच परकी नाही.

आणि ‘फॅमिली रेस्टॉरंट’ तेवढं काढा. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ महाराष्ट्रातल्या बारने घडवला. पुढे दारू पिणारे पुरुष, मागे पडद्याआड ‘फॅमिली रूम’. म्हणजे बायकामुलांना घेऊन निर्धास्त या, असं ते आश्वासन. जर्मनीत ‘फामिलिएनरेस्टोराँ’ म्हटलं की उंच खुर्च्या, रंगवायला कागद, खेळायचा कोपरा आणि मुलांचं वेगळं मेनूकार्ड. ते नसलं तर आईबाप नाराज होऊन जातील, आणि शांत जेवायला बघणारं जोडपं आतच येणार नाही. तुम्हाला म्हणायचं आहे, ‘घरचेच लोक चालवतात’. त्याला ‘फामिलिएनबेट्रीप’ म्हणतात, आणि तो शब्द स्वाबियन माणसाला विश्वासाचा वाटतो.

सोलापूरची_लेक

हे मला कधीच सुचलं नसतं. आमच्याकडे एकच उंच खुर्ची आहे आणि खेळायला कोपरा नाहीच. मग ‘पंगत’बद्दल काय?

जुनी_पाटी

उच्चार जवळपास येतो. फक्त त्यांच्या ‘एनजी’मध्ये पुष्कळदा ग ऐकू येत नाही. फिंगरला ते ‘फिङर’ म्हणतात. मँगो, टँगोसारख्या शब्दांत मात्र ग राहतो, म्हणून बरेच जण ‘पंगाट’च म्हणतील, एखादा वाङ्मयातला ङ घेऊन ‘पङाट’. ऐकून ओळखता येईल इतपत आहे.

लुधियाना_ते_लातूर

माझं माहेर पंजाबी आहे, म्हणून लिहिते. आमच्याकडे पंगत म्हणजे लंगरची रांग. गुरु अमरदासांनी घालून दिलेली शिस्त : आधी पंगत, मग संगत. राजाही जमिनीवर सगळ्यांच्या ओळीतच बसणार. जर्मनीत पंजाबी बरेच आहेत. हे नाव वाचून ते आनंदाने येतील, आणि त्याच नावाखाली बिअर आणि मटण दिसलं तर काहींना ते टोचेल. नाव ठेवू नका असं मी म्हणत नाही. मोकळेपणाने कुणी विचारलं तर काय सांगायचं, ते आधी ठरवा.

भीमथडी

आणि मराठीतला पंगतीचा इतिहास? शब्द संस्कृत ‘पंक्ती’तून आला आणि त्याच्या पाठोपाठ ‘पंक्तिभेद’ही आला. माझ्या आज्याला गावजेवणात पंगतीला कधी बसू दिलं नाही. पंगत उठली की लांब बसवून वाढायचे. हा शब्द ऐकून तुमच्या नवऱ्याला लग्नातली जिलबी आठवत असेल. मला आज्याची जागा आठवते.

सोलापूरची_लेक

दादा, मी हे घरी वाचून दाखवलं. बराच वेळ कुणी बोललं नाही.

जुनी_पाटी

भीमथडी म्हणतात ते खरं आहे. हाच शब्द उलटवण्यासाठी समतानंद अनंत हरी गद्रे यांनी सगळ्या जातींना एकत्र बसवून झुणका-भाकरीची सहभोजनं घातली. पण म्हणून जुनी जखम पुसली जात नाही. नाव ठेवायचं की नाही, हे मी सांगू शकत नाही.

भीमथडी

मीही नको म्हणत नाही. सगळ्यांना एकाच लांब टेबलावर बसवलंत तर मी स्टुटगार्टला आलो की जेवायला येईन.

बर्लिनकर

एक व्यवहाराची गोष्ट. नाव पक्कं करण्याआधी DPMAregister मध्ये वर्ग 43 बघा. खाणंपिणं पुरवण्याच्या नावांची नोंद त्याच वर्गात असते. जर्मन पेटंट कार्यालयाचं संकेतस्थळ आहे, शोधायला पैसे लागत नाहीत. आधी कुणी घेतलं असेल तर पाटी लागल्यावर वकिलाचं पत्र येतं.

सोलापूरची_लेक

पाहिलं, मोकळं आहे. आणि जुनी_पाटी ताईंनी उच्चारांबद्दल सांगितलं त्यावरून एक प्रयोग केला. तीन नावं तीन कागदांवर लिहून कोपऱ्यावरच्या बेकरीत आणि ट्रामच्या थांब्यावर बारा जणांना वाचायला दिली. नंतर त्यातल्या प्रत्येकाला फोन करून नाव उच्चारलं आणि म्हटलं, आता नकाशावर शोधत असल्यासारखं टाइप करा.

Khanaval बाराही जणांना अवघड गेलं. पाच जणांनी ते ‘कार्नेवाल’ वाचलं आणि विचारलं, फाशिंगच्या, म्हणजे कार्निव्हलच्या दिवसांतलं काही आहे का? सासूबाईंनी तिथेच मान डोलावली. Osari आठ जणांनी ‘ओझारी’ वाचलं आणि बहुतेकांना ते इटालियन वाटलं. जुनं हॉटेल इटालियनच होतं, म्हणजे आम्ही आलोय हे कुणाला कळलंच नसतं. Pangat बारापैकी दहा जणांनी ऐकून बरोबर टाइप केलं. अर्थ कुणालाच लागला नाही, पण नाव हरवलं नाही.

बेकरीतल्या बाईंनी विचारलं, तुम्ही काय वाढणार? मी वरणफळांचं वर्णन केलं : तुरीच्या डाळीच्या आमटीत शिजवलेले कणकेचे तुकडे, वरून तूप. त्या म्हणाल्या, म्हणजे आमचं लिन्झन मिट श्पेट्झलेच की! मसुरासारखी डाळ आणि पिठाच्या शेवया. त्या त्यात व्हिनेगर घालतात, आम्ही चिंच. दुपारच्या फळ्यावर पहिला पदार्थ तोच लिहिणार आहे.

जुनी_पाटी

फळ्यावर ‘मिटाग्सटिश’ असा मथळा द्या. दुपारचं ठरलेलं, एका किमतीतलं ताट म्हणजे तोच शब्द. सासूबाईंची खानावळ अर्थाने तिथे आलीच. शनिवारी आपल्या लोकांसाठी वेगळा फळा लावा, तिथे ‘वरणफळं’ एवढंच पुरे. त्यांना श्पेट्झलेची उपमा देऊ नका, राग येईल.

रंकाळा_वेस

आणि मटण शनिवारीच ठेवा.

सोलापूरची_लेक

ठेवते दादा. नावाचं घरी अजून एकमत नाही. भीमथडींचं बोलणं नवऱ्याच्या मनातून जात नाही. तरी लांब टेबल सुताराला सांगितलं आहे, चौदा माणसांचं, ते नाव कुठलंही असलं तरी लागेल. रंगाऱ्याने पाटीचा नमुना पाठवला होता, वर देवनागरी आणि खाली रोमन. त्याने ‘पंगत’वरचा अनुस्वार काढून टाकला होता. कागदावरचा डाग आहे असं त्याला वाटलं. मी फोनवर त्याला सांगितलं की तो ठिपका म्हणजे न आहे, आणि त्याने तो परत घातला, पण ‘प’च्या उभ्या काठीच्या डावीकडे. आज संध्याकाळी प्रत्यक्ष जाऊन दाखवणार आहे.