पासिंग इयर खोडायचं की रेझ्युमे बदलायचा?

मूळ पोस्ट: वय ५२, डिप्लोमा १९९४. गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपन्यांत क्वालिटीला ३० वर्षं काढली. प्लांट बंद झाला. चार महिन्यांत साठेक अर्ज, दोनच फोन. रेझ्युमेत वरतीच आहे, ‘टीएस १६९४९ इंटर्नल ऑडिटर, आरपीएन खाली आणले, रिजेक्शन कमी केलं.’ भाचा म्हणतो पासिंग इयर काढा, सगळं एका पानात बसवा. करू का?

भोसरीकर: हा सल्ला वाचला की माझं डोकं फिरतं. साल खोडून वय लपत नाही. पोर्टलच्या फॉर्मात ते भरावं लागतं, शिवाय जॉइन होताना यूएएन मागतात तेव्हा पीएफच्या नोंदी समोर येतातच.

मी सप्लायर क्वालिटीला माणसं निवडतो. मला सालाआधी शब्द दिसतात. टीएस या क्वालिटीच्या स्टँडर्डची जागा आयएटीएफनं २०१६ मध्ये घेतली. बिघाडाचा धोका आधीच तपासायच्या एफएमईए पद्धतीच्या २०१९ च्या हँडबुकनं आरपीएन हा धोक्याचा आकडा काढून अ‍ॅक्शन प्रायॉरिटी आणली. का, तर सिव्हिरिटी ९, ऑकरन्स २, डिटेक्शन ५ यांचा गुणाकार ९०, आणि ३, ६, ५ चाही ९०च. ब्रेक निकामी होणं आणि रंगावर डाग पडणं एकाच आकड्यात बसायचं. हे तुम्हाला माहीत असणार, पण कागदावर नाही. वाचणारा समजतो, हा माणूस २०१५ लाच थांबलाय.

‘रिजेक्शन कमी केलं’ यातून तर काहीच कळत नाही. एकानं मला लिहिलं होतं: ‘अ‍ॅल्युमिनियम हाउसिंग, ब्लोहोल, रिजेक्शन ६ टक्क्यांवरून दीडवर, डायचे व्हेंट वाढवले, आठ महिने टिकलं.’ त्याच दिवशी फोन लावला. तो ५४ चा होता.

एका पानाचा हट्ट सोडा, दोन घ्या. शेवटची बारा वर्षं नीट लिहा, आधीच्या कंपन्या एकेका ओळीत. तारखा मात्र हलवू नका.

हिंजवडीतली: तुमच्या टेबलावर कागद पोचतो म्हणून तुम्ही असं बोलता. आमचा पोचतच नाही. मी टेस्टिंगमध्ये, वय ४७. साल काढलं, २४ वर्षांच्या जागी ‘१५ हून अधिक’ लिहिलं, तीन आठवड्यांत पाच फोन आले. बाकी एक शब्द बदलला नव्हता.

भोसरीकर: फोन आले. नोकरी?

हिंजवडीतली: नाही. व्हिडिओवर चेहरा दिसल्यावर दोघांनी पंधरा मिनिटांत आवरलं. पण निदान बोलायला तरी मिळालं.

हक्कदार: वय विचारणंच बेकायदा आहे. सरळ तक्रार करा!

जर्सीकर: तुम्ही आमच्या इकडचं सांगताय, तेही अर्धंच. अमेरिकेत १९६७ चा कायदा चाळिशीपासून पुढच्यांशी भेदभाव करू देत नाही, पण नुसतं वय विचारणं त्यानं बंद होत नाही. भारतात खाजगी नोकरीला तसा कायदाच नाही. कलम १६ सरकारी नोकरीपुरतं, आणि त्यातही वयाचा उल्लेख नाही.

रिक्रूटर_पुणे: सगळे आम्हालाच झोडपताय. वयापेक्षा पगार आड येतो. दहा लाखांच्या जागेला अठरा घेणारा माणूस पाठवला की मॅनेजर मलाच फैलावर घेतो.

माजी_प्लांटहेड: मी स्वतःहून सांगितलं, दहा चालतील. तर म्हणे, चांगलं मिळालं की सोडून जाल. जास्त मागितलं तर महाग, कमी मागितलं तर संशय! ५६ व्या वर्षी मी कुठे पळणार आहे? धाकटीचं इंजिनिअरिंग चालू आहे माझ्या. तुमची पंचविशीतली पोरं दीड वर्षात राजीनामा टाकतात, त्यांना विचारता का हे?

रिक्रूटर_पुणे: माझ्यावर कशाला ओरडताय? निर्णय माझा नसतो.

हिंजवडीतली: ‘काका, अपडेट राहता ना?’ हेही मॅनेजरच विचारायला लावतो का?

रिक्रूटर_पुणे: ते चुकतं, कबूल. पण पगाराचं ऐका. मी विचारायच्या आत माणूसच म्हणाला, की या जागेची रेंज माहीत आहे, प्लांट बंद झाला, घर इथेच आहे, म्हणून याच रेंजमध्ये काम करेन, तर मॅनेजरला सांगायला माझ्या हातात काहीतरी असतं. नुसतं ‘कितीही चालेल’ म्हटलं की शंका येते.

माजी_प्लांटहेड: कारण मीही दिलं होतं, उपयोग झाला नाही. प्लांट बंद झाल्याचं लपवू नये एवढं मान्य, बाकी नाही.

मूळ पोस्टवाला: ओळ बदलली: ‘आयएटीएफ १६९४९ इंटर्नल ऑडिटर. सीट ब्रॅकेट, वेल्ड सरकणे, रिजेक्शन ४ टक्क्यांवरून १ वर, फिक्स्चरचं क्लॅम्पिंग बदलून.’ साल ठेवलंय.

भोसरीकर: आता कळलं तुम्ही काय करता ते. पण आयएटीएफचं ट्रेनिंग खरंच झालंय ना? नसेल तर ती ओळ काढा, पहिला प्रश्न तोच येतो.

मूळ पोस्टवाला: २०१७ ला झालंय. सर्टिफिकेट बंद प्लांटच्या एचआरकडे अडकलंय, फोन कुणी उचलत नाही.

भोसरीकर: ज्यांनी ट्रेनिंग दिलं त्यांच्याकडे दुसरी प्रत मागा. आजच मेल टाका.