मदत हवी आहे: दोन तुकड्यांची एकत्र सरासरी आणि क्रेडिटचे गुण

देवगडची_बाई: अहवालासाठी वर्गाची सरासरी काढायची आहे. अ तुकडीत ६० मुलं, सरासरी ५२. ब तुकडीत २० मुलं, सरासरी ६८. (५२+६८)/२ करून ६० लिहू का? शिवाय भाच्याचा निकाल: दोन विषय ४ क्रेडिटचे, १०० पैकी ५० आणि ५५. प्रात्यक्षिक २ क्रेडिटचं, ५० पैकी ४५. टक्के किती?

खाडीकाठ: ६० नको. ५२×६० = ३१२० आणि ६८×२० = १३६०, मिळून ४४८०. भागिले ८०, म्हणजे ५६. क्रेडिटचंही तसंच: ५०×४ + ५५×४ + ४५×२ = ५१०, भागिले १०. ५१ टक्के.

गणितवेडा_रत्नागिरी: ५६ बरोबर. तोंडी पडताळा असा: दोन सरासरींत अंतर १६, मुलं ३:१, म्हणून उत्तर मोठ्या तुकडीपासून ४ वर. पण ५१ चुकलं. पहिल्या दोन विषयांची सरासरी ५२.५ आहे. प्रात्यक्षिकात ९० टक्के मिळाल्यावर ती खाली कशी येईल? ४५ हे ५० पैकी आहेत, म्हणजे कमी क्रेडिटचा हिशेब त्या गुणांतच आलाय. वर २ ने गुणलं की तोच भार दोनदा लागतो. एक तर टक्के घेऊन गुणा: २०० + २२० + १८० = ६००, भागिले १०, ६० टक्के. नाहीतर सरळ १५० भागिले २५०, तेही ६०. मात्र ही सरळ बेरीज दर क्रेडिटला २५ गुण असतील तरच चालते. प्रात्यक्षिकही १०० पैकी असेल तर क्रेडिटने गुणावंच लागेल.

कलमवाला: माका पण ह्याच विचारूचा होता. आंबे दोघांक घातले. एकाक ४० पेटये १,५०० न, दुसऱ्याक १० पेटये २,००० न. भाव १,६०० धरू मां?

गणितवेडा_रत्नागिरी: पेटी दोघांची सारखीच का?

कलमवाला: नाय. पयल्याची पाच डझनाची, दुसऱ्याची चार.

गणितवेडा_रत्नागिरी: मग १,६०० हा पेटीचा भाव खरा, पण त्यावरून आंब्याचा भाव कळत नाही. ८०,००० रुपये भागिले २४० डझन, डझनाला साधारण ३३३. सरासरी ज्याच्या मागे काढलीय, भारही त्याचाच लावायचा.

खाडीकाठ: ५१ चं पटलं. पण बाई, गुणपत्रिकेवर एसजीपीए असेल तर तो या ६० वरून निघणार नाही. आधी विषयवार ग्रेड पॉइंट, मग क्रेडिटने गुणाकार.

देवगडची_बाई: एसजीपीएच आहे, तक्ता शोधते. आणि एक: ब तुकडीतली चार मुलं परीक्षेलाच नव्हती. ६८ ही बसलेल्या १६ जणांची सरासरी आहे.

गणितवेडा_रत्नागिरी: मग २० नव्हे, १६ ने गुणा. ४२०८ भागिले ७६, सुमारे ५५.४. गैरहजर मुलांना शून्य धरून ८० ने भागलं तर ५२.६. अहवालात कुठलं चालतं?

देवगडची_बाई: आमच्याकडे यावर दोन मतं आहेत. सोमवारी विचारते.