मदत हवी आहे: परभणीहून दिल्लीला रेल्वे पार्सलने सामान आधी पाठवायचं आहे

सेलूची_आई
नमस्कार. लेकीला दिल्लीत एम.ए.ला प्रवेश मिळालाय. १४ तारखेला ती परभणीहून सचखंड एक्स्प्रेसच्या स्लीपर डब्यातून एकटी निघणार. तीन नग आहेत: पुस्तकांची लोखंडी पेटी, गादी-रजईचं गाठोडं आणि भांड्यांची गोणी. घरच्या काट्यावर साधारण ७० किलो भरलं. एकट्या पोरीनं एवढं उचलायचं कसं? आम्हाला वाटतं, दोन-तीन दिवस आधी पार्सलनं पाठवावं, म्हणजे ती पोचेपर्यंत सामान नवी दिल्लीला असेल. बुकिंग कसं करतात आणि किती दिवस धरावेत?

गोदाकाठ_७१
ताई, पार्सलला तिकीट लागतंच. तिकीट दाखवा, सामान त्याच गाडीत चढतं आणि दुसऱ्या दिवशी दिल्लीत मिळतं. आम्ही नेहमी असंच करतो.

जुना_पार्सलबाबू
गोदाकाठ, तुम्ही सांगताय ते लगेज. तिकिटावर बुक केलेलं लगेज आपल्याच गाडीच्या ब्रेक व्हॅनमधून जातं. त्यासाठी गाडी सुटायच्या किमान अर्धा तास आधी सामान पार्सल ऑफिसात हजर हवं. पार्सलला मात्र तिकीट लागत नाही, ते कुणीही पाठवू शकतं. पण कोणत्या गाडीत चढेल, ते जागेवर ठरतं.

ताई, खरी अडचण इथंच आहे. सचखंड सुटते नांदेडहून आणि परभणीत थोडाच वेळ थांबते. ब्रेक व्हॅनमधले काही कप्पे रेल्वेनं व्यापाऱ्यांना ठेक्यानं दिलेले असतात, उरलेल्यांत नांदेडचा माल आधीच भरलेला असतो. जागा नसली किंवा हमालांना वेळ पुरला नाही, तर तुमचे नग फलाटावरच राहतात आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीची वाट बघतात. मी नोकरीत असताना एकाच पावतीचे दोन नग गेले आणि तिसरा मागं राहिला, असंही झालेलं पाहिलंय.

म्हणून नांदेडला नेऊन बुक करा. गाडी तिथं रिकामी उभी असते, भरायला वेळ मिळतो. शिवाय ती थेट दिल्लीला जाते, मध्ये मनमाडला उतरवून दुसऱ्या गाडीत चढवायची भानगड नाही. माल लांबतो तो बहुतेक अशा बदलीतच.

सेलूची_आई
बाबूजी, मग ११ तारखेला नांदेडला नेऊ का? आणि कागद काय लागतात?

जुना_पार्सलबाबू
९ तारखेला न्या. प्रवास एका रात्रीचा असला तरी तीन-चार दिवस हाताशी ठेवा. मात्र फार आधीही नको. माल उतरल्यावर ठरावीक वेळेत नेला नाही तर वारफेज, म्हणजे माल तिथं पडून राहिल्याचा आकार, चढत जातो.

ऑफिसात फॉरवर्डिंग नोट भरायची: पाठवणारा, घेणारा, नग, आत काय आहे. घेणाऱ्याच्या जागी लेकीचंच नाव आणि तिचा चालू मोबाइल लिहा. ओळखपत्राची झेरॉक्स जवळ असू द्या. मग वजन होतं, पैसे भरले की पावती मिळते. दिल्लीत माल त्या पावतीवरच सुटतो, म्हणून मूळ पावती लेकीजवळच द्या आणि फोटो तुम्ही ठेवा. पावतीवरचा नंबर parcel.indianrail.gov.in वर टाकला की माल चढला का, उतरला का, ते दिसतं.

गाठोडं गोणपाटात घट्ट शिवून घ्या. सैल गाठोडं जागा जास्त खातं, आणि फुगीर नगाचं भाडं आकारावरूनही लावतात. प्रत्येक नगावर नाव, नंबर आणि NEW DELHI जाड मार्करनं दोन बाजूंना लिहा. कागद चिकटवला तर तो पहिल्याच ओढाओढीत फाटतो.

लातूरचा_भाचा
माझी मोटारसायकल लातूरहून मुंबईला पाठवायची आहे. टाकीत थोडं पेट्रोल ठेवलं तर चालेल का? उतरल्यावर पंपापर्यंत तरी जाईल.

जुना_पार्सलबाबू
नाही, टाकी पूर्ण रिकामी लागते. आरसीची प्रत न्या. बाकीच्यासाठी वेगळा धागा काढा, इथं ताईंचं राहून जाईल.

पूर्णा_जंक्शन
ताई, एक गोष्ट कळकळीनं सांगते. माझ्या भावाची पुस्तकांची पेटी वाटेत हरवली होती. बुक करताना किंमत लिहिली नव्हती, म्हणून भरपाई वजनावर मिळाली, पार्सलला किलोमागे ५० रुपये. तुमच्या ७० किलोचे फार तर साडेतीन हजार होतील. पुस्तकंच त्याहून महाग असतील. किंमत जाहीर करा, त्यावरचा थोडा जादा आकार भरा. काही कमी आलं तर दावा सहा महिन्यांच्या आत लेखी करावा लागतो.

सेलूची_आई
हे कुणीच सांगितलं नव्हतं, फार उपकार झाले. प्रमाणपत्रं आणि लॅपटॉप ती जवळच ठेवेल. स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो मोफत नेता येतं ना? मग पांघरूण आणि भांडी तिच्यासोबत देऊन फक्त पेटी पार्सलनं पाठवावी का?

जुना_पार्सलबाबू
४० किलो बरोबर आहे. पण तेवढं पहाडगंजच्या बाजूनं एकटीनं बाहेर काढायचं आहे, तेही बघा. मी असतो तर पेटी आणि भांडी पार्सलनं पाठवली असती आणि गादी तिकडेच घेतली असती.

गोदाकाठ_७१
गादी नेऊच द्या ताई, दिल्लीची थंडी बघितलीय मी.

सेलूची_आई
घरीही याच्यावरच वाद चाललाय. ९ तारखेला नांदेडला जातोय. नवी दिल्लीचं पार्सल ऑफिस रविवारी माल देतं का, कुणाला अनुभव आहे?

पूर्णा_जंक्शन
आम्ही मंगळवारी घेतला होता, रविवारचं ठाऊक नाही. बुकिंगच्या खिडकीवरच विचारा.