मदत हवी आहे: निबंधाची रुब्रिक केली तरी दोघींचे मार्क जुळत नाहीत!!

खडूचीधूळ: नववीच्या दोन तुकड्या, एक माझ्याकडे एक दुसऱ्या मॅडमकडे. निबंध १० मार्कांचा. चार पातळ्यांची रुब्रिक केली तरी एकाच वहीला मी ८ दिले, त्यांनी ५. सोमवारी वह्या वाटायच्यात, पटकन सांगा.

निवांत_७२: पातळ्यांत लिहिलंय काय? विषय कुठला? इथे कोणी मनकवडा नाही.

खडूचीधूळ: हो राहिलंच. 'शाळेत मोबाईल आणू द्यावा का'. मुद्द्यांना ४, भाषेला ४, शुद्धलेखनाला २. मुद्द्यांपुढे उत्तम, चांगले, बरे, सुधारणा हवी असं.

गंपू: मोजता येईल तेवढंच लिहा, २५ ओळी, ३ म्हणी, ४ मुद्दे. वादच मिटला.

जुनेमास्तर: गंपू, मग पोरं म्हणी कोंबतात, भोगलंय मी. पण डोळ्याला दिसेल असं लिहा हे बरोबर. मॅडम, 'उत्तम' म्हणजे काय ते तुमच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. सहा वह्या घ्या, मार्क न देता ढीग लावा आणि वरच्या ढिगात असं काय आहे जे खालच्यात नाही ते लिहा. तुमच्या विषयाला साधारण असं होईल:
४ – बाजू सुरुवातीलाच कळते, दोन तरी कारणं, प्रत्येकाला स्वतःचं उदाहरण, उलट बाजूला उत्तर दिलंय
३ – बाजू, कारणं आहेत, उदाहरण एकालाच, उलट बाजू नुसती सांगून सोडलीय
२ – कारणं एकामागून एक, उदाहरण नाही
१ – बाजूच कळत नाही, किंवा मध्येच बदलते
आणि त्या मॅडमनी शुद्धलेखनाचे मार्क मुद्द्यांतूनही कापलेत का बघा.

सईचीआई: माझा मुलगा तिसरीत आहे, अक्षर फार गिचमिड, कुठली वही आणू?

निवांत_७२: ताई, वेगळा धागा काढा ना.

खडूचीधूळ: मास्तर, अगदी तेच निघालं! ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की त्या मुद्द्यांचेही कापत होत्या. नव्या पातळ्या घेऊन सहा वह्या दोघींनी वेगवेगळ्या तपासल्या, पाच जुळल्या, म्हणजे एखाद्या मार्काचाच फरक. सहावीत पोरीने गोष्टच लिहिलीय, आजी दवाखान्यात आणि हिच्याकडे फोन नाही, बाजू कुठे सरळ म्हटलेली नाही पण वाचून कळते. मी ४ म्हणते, त्या १.

जुनेमास्तर: १ कसा, बाजू कळतेय की. पण कारण एकच आहे, म्हणून माझ्या हिशेबाने २.

गंपू: गोष्ट लिहू नका असं प्रश्नात होतं का? नाही ना? मग पोरीला कशाला शिक्षा?

जुनेमास्तर: शिक्षा नाही हो, बाकीच्या पोरांनी दोन बाजू मांडल्यात त्यांचं काय?

खडूचीधूळ: आमच्या स्टाफरूममध्ये पण हेच चाललंय 😩 ती वही बाजूला ठेवलीय.