मदत हवी आहे: लेव्हल बरोबर, तरी टेम्परेचरचा लाल दिवा

पेट्रोल कार. सात रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये टेम्परेचरचा लाल दिवा लागतो, पुणे हायवेवर विझलेलाच. कूलंट कमी असल्याचा दिवा कधीच लागत नाही. तो फक्त टाकीतली पातळी सांगतो, आणि थंड इंजिनवर ती मिन-मॅक्सच्या मध्ये आहे. त्यामुळे नुसतं कूलंट ओतण्यात अर्थ नाही.

संशय रेडिएटरच्या फॅनवर. एसी लावला तरी फिरत नाही. फ्यूज चांगला, रिले बदलून पाहिला. रिलेच्या सॉकेटमध्ये ३० आणि ८७ नंबरचे पॉइंट जोडले की मात्र फॅन जोरात फिरतो, म्हणजे मोटर आणि तिची अर्थ ठीक.

मग रिले चालू करणाऱ्या ८५-८६ वर सिग्नलच येत नसेल का? एसीलाही फॅन गप्प, म्हणून एकटा टेम्परेचर सेन्सर दोषी वाटत नाही. आधी वायरिंग तपासू की ईसीयू?